विद्या, नीलेश आणि प्रिंटरवर राहिलेली पगाराची स्लिप

*सर, मी सांगलीत बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब लिहिते. ॲडम्सची इक्विटी थिअरी मला पाठ आहे, पण गोष्ट देऊन ‘इनपुट ओळखा, आउटकम ओळखा, तुलनेची व्यक्ती ओळखा’ असं विचारलं की मार्क जातात. सराव परीक्षेत दहापैकी चार पडले. ‘धुळीत काम करते’ हे इनपुट लिहिलं, चूक. तुलनेची व्यक्ती म्हणून मॅनेजर लिहिला, चूक. दोघींचा पगार सारखा म्हणून ‘न्याय्य’ लिहिलं, तेही चूक. पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे. नेमकं काय बघायचं?*
*— श्रुती, विश्रामबाग*

श्रुती,

थिअरी पाठ आहे म्हणतेस, आणि माझ्या मते घोळ तिथंच होतोय. पाठ केलेल्या यादीत शिक्षण, अनुभव, कष्ट एका बाजूला असतात आणि पगार, बोनस, बढती दुसऱ्या बाजूला. मग गोष्टीत एखादा शब्द दिसला की तू तो यादीत शोधत बसतेस. ‘धूळ’ यादीत सापडली नाही, म्हणून जिकडं बरी वाटली तिकडं टाकलीस. परीक्षेपुरती ती यादी बाजूला ठेव. गोष्ट हातात आली की पहिल्यांदा फक्त एवढंच शोध, की यात कुणाला काहीतरी खटकलंय?

जॉन स्टेसी ॲडम्स हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारा मानसशास्त्रज्ञ. आपण कामाला काय देतो म्हणजे इनपुट, आणि त्यातून काय मिळतं म्हणजे आउटकम, यांचं प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो आणि त्यावरून न्याय-अन्याय ठरवतो, हा सिद्धांत त्यानं 1963 मध्ये मांडला. त्यात दोनच पात्रं होती, ‘पर्सन’ आणि ‘अदर’. ज्याच्या मनात तुलना चाललीय तो पर्सन. ज्याच्याशी चाललीय तो अदर. मालकाला काय वाटतं, एचआरच्या फायलीत काय लिहिलंय, तुला-मला काय रास्त वाटतं, याला या मांडणीत जागा नाही. सगळं पर्सनच्या डोळ्यांनी बघायचं. म्हणून आधी पर्सन सापडला पाहिजे, मग अदर, आणि इनपुट-आउटकम अगदी शेवटी. मुलं हे उलट करतात. गोष्टीतली सगळी विशेषणं आधी दोन रकान्यांत भरतात आणि माणसं नंतर शोधतात.

एक गोष्ट लिहून देतो, तुमच्या पेपरात येते तशीच.

“विद्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये सात वर्षं कामाला आहे. ती बी.कॉम. आहे. पगार 18,000 रुपये. महिनाअखेरीला स्टॉक मोजायला ती सुट्टीच्या शनिवारीही येते, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. स्टोअरमध्ये धूळ फार आहे. तिचे दीर पुण्यात आयटी कंपनीत आहेत, त्यांना 60,000 मिळतात. स्टोअर मॅनेजर माने साहेबांना 45,000. आठ महिन्यांपूर्वी लागलेला नीलेश डिप्लोमा झालेला आहे. तो विद्याच्या शेजारच्या टेबलावर बसून तिच्यासारखंच काम करतो. एके दिवशी प्रिंटरवर राहिलेली नीलेशची पगाराची स्लिप विद्याच्या हाती पडते. पगार 21,000, शिवाय पेट्रोल भत्ता. पुढच्या महिन्यापासून विद्या शनिवारी यायचं बंद करते.”

पर्सन विद्या, यात शंका नाही. आता अदर कोण? पगार सांगितलेली तीन माणसं आहेत, आणि पेपर काढणाऱ्यानं त्यातली दोन मुद्दाम पेरलीत. सर्वांत जास्त पगार दिरांचा. सर्वांत मोठं पद माने साहेबांचं. तू मॅनेजर लिहिलास तो बहुधा याच मोहानं. पण विद्याला दिरांचा पगार आधीपासून ठाऊक होता आणि माने साहेबांचाही साधारण अंदाज असणार. तरी ती सात वर्षं शनिवारी येतच होती. तिचं वागणं बदललं ते स्लिप बघितल्यावर. म्हणजे अदर नीलेश. गोष्टीत ‘कळलं’, ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘लक्षात आलं’ असं क्रियापद शोध आणि त्याच्या आधी काय होतं, नंतर काय झालं ते बघ. त्या सांध्यावर ज्याचं नाव आहे तोच अदर.

माणूस साधारणपणे आपल्याजवळच्याशी तुलना करतो. तेच काम, तीच खोली, ज्याचं काय चाललंय ते रोज दिसतं असा माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात झालेल्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष 1949 मध्ये छापून आले, आणि ॲडम्सनंही पुढं त्यांचा आधार घेतला. हवाई दलात बढत्या भराभर मिळायच्या, लष्करी पोलिसांत फार क्वचित. तरी बढतीच्या संधीबद्दल जास्त समाधानी होते लष्करी पोलीस. कारण लष्करी पोलिसाच्या आजूबाजूचे त्याच्यासारखेच अडकलेले होते. हवाई दलातल्याच्या शेजारचा मात्र परवाच बढती घेऊन गेलेला असायचा. पोलिसानं स्वतःला वैमानिकाशी ताडून बघितलंच नाही.

मी स्वतः तीस-एक वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. साताऱ्याच्या एका कारखान्यात असताना दिवाळीला कंदी पेढ्यांचे बॉक्स वाटले. कायम कामगारांना किलोचा, कंत्राटी कामगारांना अर्ध्या किलोचा. कंत्राटी पोरांना पगार कायमच्या निम्म्याहून कमी होता, त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. पेढ्यांवरून मात्र त्यांनी संध्याकाळी गेटवर ठिय्या मांडला. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं होतं. आज विचारशील तर मी सांगेन की पगाराच्या बाबतीत त्यांचा अदर म्हणजे दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस होता. बॉक्स घ्यायला मात्र दोघं एकाच रांगेत उभे होते, आणि त्या दिवसापुरता अदर बदलला. एकाच माणसाचे वेगवेगळ्या आउटकमसाठी वेगवेगळे अदर असू शकतात. पेपरात एवढं खोल कुणी विचारत नाही, पण पर्यायांत दोन नावं सारखीच बरोबर वाटली तर ‘कोणत्या गोष्टीबाबत?’ असं स्वतःला विचारून बघ.

आणि अदर म्हणजे दुसराच कुणीतरी असला पाहिजे असंही नाही. “जुन्या कंपनीत मला यापेक्षा कमी काम करून एवढेच पैसे मिळत होते” असं वाक्य आलं तर अदर म्हणजे ती स्वतःच, जुन्या नोकरीतली. पर्यायांत ‘स्वतः (पूर्वीच्या नोकरीत)’ असं छापलेलं असूनही मुलं ते सोडून जातात, कारण त्यांना माणसाचं नाव हवं असतं.

आता इनपुट आणि आउटकम. बाण काढ. विद्याकडून कामाकडं जाणारा बाण इनपुट, कामाकडून विद्याकडं येणारा बाण आउटकम. सात वर्षांचा अनुभव, बी.कॉम., शनिवारचा वेळ, हे सगळं विद्या देतेय. 18,000 तिच्याकडं येतायत. आणि धूळ? धूळ विद्या घरून घेऊन आलेली नाही. ती कामामुळं तिच्या वाट्याला आलीय. बाण तिच्याकडं आहे, म्हणून आउटकम. फक्त वजा चिन्हाचा. आउटकम म्हणजे काहीतरी चांगलंच, असं आपण धरून चालतो, तिथं तुझा पाय घसरला. कंटाळवाणं काम, वाईट जागा असल्या गोष्टी ॲडम्सनं स्वतः आउटकममध्येच धरल्यात. एक सावधगिरी मात्र ठेव. काही पुस्तकं ‘सहनशीलता’ इनपुटमध्ये देतात, आणि तेही चूक नाही, कारण सहन करणं हे माणूस देतो. त्यामुळं पर्यायात ‘धूळ’ आहे की ‘धूळ सहन करणं’ ते नीट वाच. लेखी उत्तर असेल तर ‘नकारात्मक आउटकम’ असे दोन शब्द लिही. तपासणाऱ्याला तुझा विचार दिसतो.

काही शब्द दोन्हीकडं जातात. ओव्हरटाइमचे तास इनपुट, ओव्हरटाइमचे पैसे आउटकम. ट्रेनिंग तिनं आधी घेतलं आणि कामाला लावलं तर इनपुट, कंपनीनं तिला पुण्याला पाठवून दिलं तर आउटकम. साहेबांनी सगळ्यांसमोर केलेलं कौतुक आउटकम, हे तर सरळ आहे. पण ‘जबाबदारी वाढली’ हे गोष्टीवर अवलंबून. मान म्हणून मिळाली की आउटकम, नुसता बोजा म्हणून अंगावर पडली आणि ती निभावण्यासाठी ती जास्त राबते असं लिहिलं असेल तर ते राबणं इनपुट. शब्द बघू नकोस, बाण बघ.

इनपुटला आणखी दोन अटी आहेत. आपल्याकडं ती गोष्ट आहे हे माणसाला जाणवलं पाहिजे, आणि या देवाणघेवाणीत ती मोजली जावी असं त्याला वाटलं पाहिजे. विद्याला भजनं सुरेख म्हणता येतात, हे तिला माहीत आहे, पण त्याचे स्टोअरमध्ये पैसे मिळावेत असं तिला वाटत नाही. ते इनपुट नाही. बी.कॉम. मात्र मोजलं जावं असं तिला वाटतं. मालकाला वाटत असेल की स्टोअरमध्ये बी.कॉम.चा काय उपयोग, डिप्लोमावाला बरा, त्याला पार्टचं ड्रॉइंग वाचता येतं. प्रत्यक्षातली निम्मी भांडणं इथंच असतात. गणित दोघांना येतं, पण एकाच्या वहीत जो आकडा आहे तो दुसऱ्याच्या वहीत नाहीच. प्रश्न ‘विद्याच्या दृष्टीनं’ असेल तर बी.कॉम. इनपुट, मालक काहीही म्हणो.

तुझी तिसरी चूक, सारखा पगार म्हणजे न्याय्य. सूत्र आठव:

`Op/Ip = Oa/Ia`

O म्हणजे आउटकम, I म्हणजे इनपुट, p म्हणजे पर्सन आणि a म्हणजे अदर. तुलना पगाराची पगाराशी नाही, गुणोत्तराची गुणोत्तराशी. समजण्यासाठी इनपुट म्हणजे फक्त तास आणि आउटकम म्हणजे फक्त पगार असं धरू. सुमन महिन्याला 200 तास भरते आणि 18,000 घेते. रेखा 240 तास भरते आणि तीही 18,000 घेते. पगार सारखा आहे, पण सुमनला तासाला 90 रुपये पडतात आणि रेखाला 75. रेखावर अन्याय. आता रेखाचा पगार 21,600 कर. तिलाही तासाला 90 पडतात. पगार वेगवेगळे, तरी न्याय्य. आता 21,000 कर आणि कुणावर अन्याय ते सांग. वर्गात विचारलं तर बरेच हात सुमनच्या बाजूनं वर जातात, कारण तिचा पगार 3,000 नं कमी आहे. पण 21,000 भागिले 240 म्हणजे 87 रुपये 50 पैसे. जास्त पगार घेणारी रेखाच तोट्यात आहे. पेपर काढणाऱ्यांना हा सापळा फार आवडतो.

खऱ्या आयुष्यात मात्र हा भागाकार कुणाला करता येत नाही. सात वर्षांचा अनुभव अधिक बी.कॉम. अधिक सुट्टीचे शनिवार, याची बेरीज कोणत्या एककात करणार? ‘इनपुट 50, आउटकम 100’ असले आकडे फक्त सरावासाठी असतात. माणूस मनात एवढंच ठरवतो की आपलं पारडं हलकं, जड की समान.

विद्याचं पारडं हलकं आहे असं तिला वाटलं. पुढचा प्रश्न हमखास असतो की तिनं काय केलं? शनिवार बंद केला, म्हणजे स्वतःचा इनपुट कमी केला. मान्यांकडं जाऊन पगारवाढ मागितली असती तर आउटकम वाढवायचा प्रयत्न. नोकरी सोडली असती किंवा दुसऱ्या खात्यात बदली घेतली असती तर मैदान सोडणं. “शनिवारच्या मोजणीचं तू पण बघ की” असं नीलेशला सांगून त्याला कामाला लावलं असतं तर अदरवर परिणाम करणं. हे चार ओळखता येतात, कारण बाहेर काहीतरी घडतं. उरलेले दोन डोक्यातल्या डोक्यात घडतात आणि तिथंच गोंधळ होतो. “नीलेशला ड्रॉइंग वाचता येतं, त्याचं काम माझ्यापेक्षा अवघडच असणार” असं विद्या म्हणाली, तर अदर तोच आहे, फक्त त्याच्या इनपुटचं वजन तिनं मनात वाढवलं. हा दृष्टिकोनातला बदल. “जाऊ दे, पॅकिंगमधल्या शोभाला तर 16,000 च मिळतात” असं म्हणाली, तर नीलेश गेला आणि शोभा आली. हा अदरमधला बदल. वाक्यात नवीन माणूस आला का, एवढं बघितलंस तरी हे दोन वेगळे करता येतील.

एक शेवटचा प्रकार तुझ्या कोल्ड स्टोरेजमुळं आठवला. ॲडम्सचं म्हणणं असं, की जास्त मिळालं तरी माणूस अस्वस्थ होतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं काही प्रयोग केले. काही जणांना कामावर घेताना सांगितलं की तुमची पात्रता खरं तर कमी आहे, पण पैसे पात्र माणसाइतकेच देतो. तासावर पैसे मिळणाऱ्यांनी जास्त काम उरकलं. नगावर पैसे मिळणाऱ्यांनी कमी नग केले, पण जास्त काळजीपूर्वक. तू बेदाणा निवडणाऱ्या बायकांचं बघ. रोजावर असलेल्या बाईला आपला रोज जरा जास्तच वाटला, तर ती जास्त माल निवडून ते फेडू शकते. किलोवर असलेल्या बाईला जास्त माल निवडून फेडता येत नाही, कारण प्रत्येक किलोबरोबर तो वाजवीपेक्षा जास्तीचा दर पुन्हा तिच्या पदरात पडतो. मग ती इनपुट वाढवते ते मालाच्या निवडीत, काड्या आणि डागी मणी आणखी बारकाईनं काढून. म्हणून ‘जास्त पगार, पीस रेट’ असं दिसलं की उत्तर ‘संख्या कमी, दर्जा जास्त’.

यावर टीकाही झाली, आणि मला ती पटते. “तुमची पात्रता कमी आहे” असं तोंडावर ऐकल्यावर माणूस पैशाच्या अपराधीपणानं राबतो, की स्वतःला सिद्ध करायला? त्या प्रयोगांत हे दोन वेगळे काढणं अवघड आहे. कमी मिळाल्याचा परिणाम जितका ठसठशीत दिसतो, तितका जास्त मिळाल्याचा दिसत नाही. मीही इतक्या वर्षांत पगार जास्त झालाय म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस बघितलेला नाही. पण तुमच्या पेपरात ॲडम्स काय म्हणतो ते विचारतात, तेव्हा त्याचंच उत्तर लिही.

सरावासाठी विद्याचीच गोष्ट पुन्हा घे आणि पर्सन म्हणून नीलेशला बसव. त्याचा डिप्लोमाचा वर्गमित्र शिरवळला 26,000 वर लागलाय, आणि ते नीलेशला काल रात्री फोनवर कळलं. नीलेशचा अदर कोण, विद्या आता या गोष्टीत कुठं बसते, आणि पेट्रोल भत्ता नीलेश स्वतः मोजेल का, ते लिहून पाठव. पुढच्या अंकाआधी तपासून देतो.